बिनभाड्याचा दीड महिना

अनंत सोवनींनी नोकरीभर धरणांचे नकाशे काढले. पाटबंधारे खात्यात ते आरेखक होते. पाणी कुठे अडवायचं, कुठून सोडायचं, भिंतीत कुठे झिरपू शकतं, हे सगळं त्यांच्या हातून कागदावर उतरलेलं. आणि स्वतःच्या घराच्या गच्चीतून पाणी कुठून शिरतं, ते मात्र त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं. दर मे महिन्यात एक माणूस यायचा, भेगांमध्ये काळं डांबर भरायचा आणि पैसे घेऊन जायचा. पाऊस आला की पाणी डांबराच्या शेजारून आत यायचं.

सहकारनगरातलं दुमजली घर, चाळीस वर्षांपूर्वी कर्ज काढून बांधलेलं. खाली सोवनी एकटे. पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा आमोद नेदरलँड्सला, तो रविवारी फोन करतो आणि प्रत्येक रविवारी एकच विषय काढतो. "बाबा, बिल्डरला देऊन टाका." सोवनी म्हणतात, "बघू." त्यांच्या तोंडून 'बघू' आलं की विषय संपला, हे आमोदला बापाकडूनच कळलेलं, पण तो पुढच्या रविवारी पुन्हा विचारतो. बोलायला काहीतरी लागतंच.

वरच्या मजल्यावर चार वर्षांपासून ऋतुजा आणि तिची आई सरुबाई राहत होत्या. मूळच्या लोणी काळभोरच्या. ऋतुजा स्वारगेटजवळच्या एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला. वडील गेले, शेती वाटण्या होऊन चुलत्यांकडे राहिली, आणि रोज गावाहून बसनं येण्याजाण्यात पोरीचा जीव निम्मा व्हायला लागला, म्हणून मायलेकी इथे आल्या. भाडं बावीस हजार, दर अकरा महिन्यांनी नवा करार, रीतसर नोंदणी केलेला.

सोवनींचं आणि वरच्या मजल्याचं नातं काय होतं म्हणाल, तर आवाजाचं. सरुबाई पहाटे उठायच्या आणि लोखंडी खलबत्त्यात काहीतरी कुटायला लागायच्या. लसूण, मिरच्या, शेंगदाणे, देव जाणे काय. मिक्सर घरात होता, तो ऋतुजानं हौसेनं घेतलेला, तो ओट्यावर कापडाखाली झाकून ठेवलेला. मग खुर्ची ओढायची, मग कुकर, मग ऋतुजाच्या सँडलांचा जिन्यावरचा आवाज. सोवनी खाली चहा करत हे सगळं ऐकायचे आणि महिन्यातून एकदा चिठ्ठी लिहून जिन्यातल्या खिळ्याला अडकवायचे. 'सकाळी सहापूर्वी कुटणे टाळावे.' 'खुर्ची उचलून ठेवता येते.' खाली सही, तारीख. प्रत्यक्ष सांगायला एक जिनाच चढायचा होता, पण सोवनी त्या शाळेतले होते जिथे माणसाला तोंडावर बोलणं हा आगाऊपणा आणि लेखी कळवणं ही सभ्यता.

गेल्या पावसाळ्यानंतर वरच्या बैठकीच्या छताचा गिलावा पडला. कुणाला लागलं नाही, ऋतुजा कामावर आणि सरुबाई भाजी आणायला. पण आतल्या सळया दिसल्या, गंजून फुगलेल्या. सोवनींनी एक इंजिनीअर बोलावला. त्यानं गच्ची पाहिली, वरचं न्हाणीघर पाहिलं, खाली सोवनींच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावला आणि हात पँटला पुसला.

"मलमपट्टी पुरे झाली," तो म्हणाला. "गच्चीवरचा जुना कोबा सगळा उखडायचा. न्हाणीघर, संडास स्लॅबपर्यंत मोकळं करायचं. छताचा सुटलेला गिलावा काढून सळया साफ करायच्या. माणसं राहत असताना हे होणार नाही."

"किती दिवस?"

"दीड महिना धरा. आणि जूनच्या आत."

आता इथपर्यंत कुठलाही घरमालक येतो. पुढचं ज्यानं त्यानं आपापल्या स्वभावाप्रमाणे करायचं. सोवनी आठवडाभर विचार करत होते आणि त्या विचारात पैशाचा भाग सगळ्यांत थोडा होता. मायलेकींना बाहेर जायला सांगायचं, तर त्यांना परत यायला सोपं जावं, असं काहीतरी करायला हवं होतं. हे त्यांनी स्वतःशीसुद्धा या शब्दांत कबूल केलं नाही. त्यांनी पत्र टाइप केलं. जागा सोळा एप्रिलपासून तात्पुरती रिकामी करावी. एक जूनला परत यावे. मूळ करार चालूच राहील, अनामत रक्कम तशीच राहील. मागची लहान खोली कोरडी आहे, तिच्यात सामान ठेवून कुलूप लावावे, किल्ली आपल्याकडेच ठेवावी. या काळाचे भाडे घेतले जाणार नाही. टेम्पोचा जाण्यायेण्याचा खर्च मालकाकडे. दोन प्रती, दोघांच्या सह्यांना जागा.

आणि या वेळी ते पायऱ्या चढून वर गेले.

ऋतुजानं पत्र वाचलं आणि तिचा चेहरा मोकळा झाला. "काका, हे फारच चांगलंय. मला वाटलं होतं तुम्ही..." तिनं वाक्य तिथंच सोडलं. "आम्ही मामांकडे जाऊ, वाघोलीला. त्यांच्या बिल्डिंगमध्ये त्यांचाच एक फ्लॅट रिकामा आहे."

"उत्तम."

सरुबाई दारात उभ्या होत्या. पदर खांद्यावरून घेतलेला, हात ओले. त्यांनी पत्र वाचलं नाही, फक्त विचारलं, "भाडं किती घ्येनार म्हनला?"

"काहीच नाही," सोवनी म्हणाले.

"निम्मं बी न्हाई?"

"नाही. तुम्ही राहत नाही, तर भाडं कसलं?"

सरुबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांना वाटलं, आभार मानायची यांची पद्धत असावी. मग त्या आत गेल्या. ऋतुजानं दोन्ही प्रतींवर सही केली. सोवनी खाली आले ते आपल्यावर खूश होऊन. एवढं सढळपणे वागलेला घरमालक या शहरात दिवा घेऊन शोधावा लागेल, असं त्यांना वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

पंधरा तारखेला सकाळी टेम्पो आला. सोवनी सामान नेताना मध्ये मध्ये नको म्हणून बँकेत गेले. बँकेत काही काम नव्हतं. परत आले तेव्हा फाटकाला कडी घातलेली होती आणि जिना झाडलेला होता.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार आला. हिंदुराव नावाचा, सांगलीकडचा, आवाज मोठा आणि माणूस हसरा. त्याची माणसं सकाळी नऊला घणाचे घाव घालायला लागायची आणि संध्याकाळी सहाला हातपाय धुऊन निघून जायची. दिवसभर धूळ, ठोकाठोक, पोत्यांतून खाली येणारा मलबा. सोवनींना त्याचं काही वाटेना. उलट ते दहादा वर जायचे, काहीतरी विचारायचे, मजुरांना चहा करून द्यायचे. सहा वाजले की घर एकदम रिकामं व्हायचं. मग टीव्ही लावला तरी तो दुसऱ्याच्या घरात लागल्यासारखा वाटायचा. पहाटे ते आपोआप जागे व्हायचे आणि पडून राहायचे. चार वर्षं ज्याची तक्रार केली, त्याच्याच भरवशावर आपण उठत होतो, हे लक्षात यायला माणसाला चौऱ्याहत्तर वर्षांचं व्हावं लागतं काय? सोवनींना लागलं.

त्यांनी ऋतुजाला एक संदेश पाठवला. 'काम वेळापत्रकानुसार सुरू आहे.' तिचा अंगठा आला. आठवड्यानं पुन्हा पाठवला. 'गच्चीचा कोबा निघाला.' पुन्हा अंगठा. तुम्ही कशा आहात, असं विचारायला त्यांची बोटं दोनदा गेली होती. पण भाडेकरूला असं विचारणं त्यांना बरं दिसेना.

मे महिन्याच्या मध्यावर हिंदुराव म्हणाला, "साहेब, मागच्या खोलीचं छत बी ठोकून बघायला पायजे. शेजारच्या खोलीत तुळईपर्यंत पोकळ वाजतंय. ती कुलपातली खोली. किल्ली मागवा." धूळ आत जाऊ नये म्हणून त्या दारावर पहिल्याच दिवशी ताडपत्री ठोकलेली होती, कुलूप कुणी पाहिलंच नव्हतं.

सोवनींनी ऋतुजाला फोन केला. "सामानावर प्लास्टिक घालून घेतो, काळजी नको. फक्त किल्ली कशी मिळेल?"

"काका, कुलूप नाहीये. नुसती कडी आहे."

"कुलूप लावलं नाही तुम्ही?"

"आतमध्ये काही नाहीये, काका."

सोवनी वर गेले. ताडपत्री सोडवून कडी काढली. खोली झाडून पुसून स्वच्छ. खिडकीत एक खिळाही शिल्लक नाही, दोरी बांधायला ठोकलेले खिळेसुद्धा उपटून भोकं पांढऱ्या पुट्टीनं बुजवलेली. परत येणारी माणसं खिळ्यांची भोकं बुजवत नाहीत.

हिंदुराव मागे येऊन उभा राहिला. "बरं झालं की. सामान न्हाई म्हंजी काम पटकन हुईल."

"हो," सोवनी म्हणाले. "बरं झालं."

त्या दिवशी मजुरांना चहा मिळाला नाही, आणि कुणी मागितलाही नाही.

पुढचे दिवस सोवनी स्वतःशी हिशेब मांडत बसले. कुठे चुकलं? पत्रात तारीख होती. करार चालू राहील असं स्पष्ट लिहिलं होतं. भाडं माफ, टेम्पोचा खर्च दिला. मग चिठ्ठ्या आठवल्या. एक एक आठवायला लागली आणि वाचणाऱ्याच्या जागी स्वतः उभं राहून पाहिल्यावर एकही बरी वाटेना. पण चिठ्ठ्या तर चार वर्षं होत्या आणि चार वर्षं त्या बायका राहिल्याही होत्या.

एवढ्यात चाचणीची वेळ आली. गच्चीवर भेगा भरून, रसायनाचे दोन थर देऊन झाले होते. आता नवा कोबा घालण्याआधी पन्हळींची भोकं बंद करायची, गच्चीवर चार बोटं पाणी उभं करायचं, तीन दिवस ठेवायचं आणि खालून छत पाहायचं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी बैठकीच्या कोपऱ्यात, कठड्याच्या भिंतीखाली, तळहाताएवढा गडद डाग उमटला.

हिंदुराव मान वर करून बघत राहिला. "कठड्याच्या जोडातनं येतंय. तिथलं परत उकरून भरायला लागंल. मग पुन्हा थर, पुन्हा पाणी. धा-बारा दिस जातील. तुमची तारीख एक जून ना?"

"एक जून."

"मग असं करू. कोबा घालून टाकू, खाली गिलावा, वर रंग. एवढासा डाग हाय. मान्सं आली की पंखा फिरतो, वाळतंय. पावसाळ्यात दिसलंच तर मी हायच की."

सोवनी डागाकडे बघत होते. एक जून ही एकच गोष्ट त्यांच्या हातात उरलेली होती. कबूल केलेल्या दिवशी घर तयार, हे दाखवता आलं असतं. फोन करून सांगता आलं असतं, झालं, या. तारीख मोडली तर मायलेकींना न येण्याला कारणही मिळत होतं, आणि कारण आपणच हातात दिलेलं. शिवाय रंगाखाली काय आहे, ते जुलैपर्यंत कुणाला कळणार होतं?

"उकरा," ते म्हणाले.

"तारखेचं?"

"ते मी बघतो."

तारीख पुढे गेल्याचं लेखी कळवायचं, म्हणून ते टेबलाशी बसले, दोन ओळी लिहिल्या आणि उठले. टेम्पोच्या बिलावरचा पत्ता खिशात टाकला, चपला घातल्या. रिक्षावाल्याला वाघोली म्हटल्यावर त्यानं मीटरनं येणार नाही म्हणून सांगितलं आणि सोवनींनी आयुष्यात पहिल्यांदा त्यावर वाद घातला नाही.

मामांची बिल्डिंग नगर रस्त्यापासून आत, अकरा मजली. सगळीकडे तसल्याच बिल्डिंगा आणि मध्ये एक उसाचं शेत, कसं कोण जाणे वाचलेलं. फाटकावरच्या वहीत नाव, फोन नंबर, कुणाकडे, कशासाठी. 'कशासाठी'च्या रकान्यात काय लिहावं, ते सोवनींना सुचेना. रखवालदारानंच 'पर्सनल' लिहून टाकलं.

दार सरुबाईंनी उघडलं. ऋतुजा कामावर. सरुबाई म्हणाल्या, "या." पाणी आणलं. खोली मोठी होती, फरशी चकाचक, आणि सामान भिंतीकडेला अजून बांधलेलंच.

"काम लांबलं," सोवनी म्हणाले. "कठड्याच्या जोडातून पाणी येतंय. एक तारखेला घर तयार होणार नाही. बारा जून धरा. हे सांगायला आलो."

"फोन करायचा की."

"हो. करता आला असता."

सरुबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, खाली बसल्या. सोवनींना वरून बोलणं अवघड व्हायला लागलं.

"सरुबाई, खोली रिकामी का केलीत? पत्रात लिहिलं होतं, सामान ठेवा म्हणून."

"पत्रात लिव्हलं व्हतं," सरुबाई म्हणाल्या. "भाडं घ्येनार न्हाई हे बी लिव्हलं व्हतं."

"ते तर तुमच्या सोयीसाठी..."

"माझा आज्जा कूळ व्हता, साहेब. थेऊरकडं दोन एकर, मालक पुण्यातलं. तुमच्यागतच. दर साल खंड घिऊन जायचा आज्जा, मालक पावती द्यायचा. एक साल मालक म्हनला, अवंदा पीक बरं न्हाई, ऱ्हाऊ दे खंड. आज्जाला वाटलं देवमानूस. फुडल्या साली बी ऱ्हाऊ दे. मग कायदा आला, कसंल त्याची जमीन म्हनून. आज्जा ग्येला कचेरीत. मालक म्हनला, ह्यो कसला कूळ? दोन साल झाली, दमडी न्हाई दिली. हाय का पावती?" त्यांनी हात हलवला. "ग्येली जमीन. आमच्या घरात ही गोष्ट दूध पिताना सांगत्यात पोरान्ला. मालक भाडं नगं म्हनला की आपली भांडी उचलायची. फुकट ऱ्हायलेल्याला परत बोलवत न्हाईत कुनी."

सोवनींच्या वडिलांच्याही अशा जमिनी होत्या, मुळशीकडे, कायद्यात गेलेल्या, आणि त्यांच्या घरात दूध पिताना वेगळी गोष्ट सांगत. ती इथे काढण्यात अर्थ नव्हता.

"करार चालू आहे," ते एवढंच म्हणाले. "सही आहे माझी."

"कागद तुमचा, टायपिंग तुमचं. पोरगी शिकल्याली हाय, तिला बरं वाटलं. मला न्हाई वाटलं. मीच म्हनलं, सगळं उचल."

"मी आवाजाबद्दल लिहायचो, त्याचा राग..."

"त्याचं काय? सासू बी बोलायची." सरुबाईंना हसू आलं असावं, पण त्यांनी ते वर येऊ दिलं नाही. "बोलनारा मानूस घालवत न्हाई. नुस्ता ग्वाड बोलायला लागला, का समजायचं."

खाली कुठेतरी लिफ्टचा दरवाजा वाजला. त्याखेरीज या घरात कसलाही आवाज नव्हता. सोवनींनी सामानाकडे पाहिलं. सगळ्यांत वरच्या खोक्यात खलबत्ता होता, कागदात गुंडाळलेला, बत्ता बाहेर आलेला.

"हितं काढला न्हाई?" असं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं, तेही सरुबाईंच्याच बोलीत, आणि ते दचकले. त्यांनी विचारलं, "मग काय केलं म्हणजे तुमची खात्री पटेल?"

"निम्मं भाडं घ्या. आनि पावती द्या. सोळा तारखेपासनं."

"राहत नसताना भाडं?"

"जागा आमची ऱ्हातीय ना? मग तिचं भाडं. सगळं नगं, काम तुमचं हाय. निम्मं." त्या उठल्या, आतून पैसे घेऊन आल्या. पदराच्या गाठीतले नव्हे, बँकेच्या पाकिटातले, कोरे. बहुधा ऋतुजाला न सांगता कधीचे काढून ठेवलेले. "पैल्या म्हैन्याचं. बाकीचं आल्यावर."

सोवनींनी पैसे मोजले नाहीत. खिशातून पेन काढलं, पाकिटातून रेव्हेन्यू स्टॅम्प. पाकिटात रेव्हेन्यू स्टॅम्प बाळगणारी माणसं आता पुण्यातही कमी राहिली. सरुबाईंनी दिलेल्या कोऱ्या कागदावर त्यांनी पावती लिहिली, काम चालू असण्याच्या काळाचे निम्मे भाडे, परत येण्याची तारीख बारा जून, आणि तिकिटावर सही केली. सरुबाईंनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला. किती वाचलं ठाऊक नाही. तिकिटावरून मात्र त्यांनी बोट फिरवलं.

"येनार का न्हाई, ते पोरगी सांगंल," त्या म्हणाल्या. "तिला हितनं बी बस हाय आता. भाऊ भाडं घ्येत न्हाई म्हनतोय."

"तोही घेत नाही?"

"त्यो भाऊ हाय, साहेब."

चहा झाला. दारापर्यंत आल्यावर सरुबाई म्हणाल्या, "हितं अकरा मजल्यात कुनाला कुनाचं ऐकू येत न्हाई. बरं हाय तसं." आणि दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर सोवनींना खराडीपाशी गर्दी लागली. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, आणि त्यांच्यातून एकाच वेळी सुटलेली हजारो माणसं, सगळी आपापल्या फोनमध्ये. रिक्षा तिथं बराच वेळ उभी होती. घरी पोहोचले तेव्हा हिंदुरावाची माणसं निघून गेली होती. त्यांनी भात लावला आणि थोडा खाल्ला.

ऋतुजाचा फोन आठवड्यानं आला, दुपारी, कामावरून.

"काका, आईनं मला आत्ता पावती दाखवली. आठवडाभर लपवून ठेवली होती. तुम्ही एवढ्या लांब आलात?"

"काम होतं."

"वाघोलीला? तुमचं? ऐका ना. आईला इथे करमत नाही. दिवसभर खिडकीत बसते. मामांचं म्हणणं, इथेच राहा, पैसे वाचतील. मलाही खरं तर... तिकडे परत सगळं लावायचं, डिसेंबरात करार संपतोच आहे." मागे कुणीतरी तिला हाक मारली. "येते म्हणून सांग," ती बाजूला म्हणाली, आणि मग फोनमध्ये, "बारा तारखेला येतो, काका. डिसेंबरपर्यंत. पुढचं पुढे बघू."

सोवनींना बरंच काही म्हणायचं होतं. चार वर्षांचं म्हणायचं होतं. 'बघू' या शब्दाचा अर्थ त्यांना नीट माहीत होता.

"ठीक," ते म्हणाले. "न्हाणीघराची टाइल कुठल्या रंगाची हवी, ते आईला विचार. हिंदुराव उद्या आणणार आहे."

"आईला?"

"तिलाच. आणि लगेच कळव."

फोन ठेवून ते गच्चीवर गेले. कठड्याचा जोड उकरून नव्यानं भरलेला होता, वर पुन्हा थर चढलेले. हिंदुरावानं पुन्हा पाणी सोडलं होतं आणि जेवायला गेला होता. पाणी अजून पायांच्या घोट्यापर्यंतही आलेलं नव्हतं. पाइप एका कोपऱ्यात धारेनं वाहत होता. सोवनींनी चपला जिन्यावर काढल्या, पँट दुमडली आणि उन्हात तापत असलेल्या त्या पाण्यातून चालत कठड्यापर्यंत गेले. तिथे उभं राहून जोडाकडे बघत राहिले. वरून काही दिसत नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. खाली जाऊन छत पाहायला हवं. पण खालच्या त्या रिकाम्या खोल्यांतून एकट्यानं फिरायला त्यांना इतक्यात जावंसं वाटेना, म्हणून हिंदुराव येईपर्यंत ते पाण्यातच थांबले.